५२ वीक हायचा रोजचा स्कॅन: ॲडजस्टेड डेटा आणि व्हॉल्यूम कन्फर्मेशन नीट कसं लावायचं

५२ वीक हायचा स्कॅन दिसायला एका ओळीचा आहे. आजचा भाव मागच्या वर्षभराच्या सगळ्यात वरच्या भावाच्या वर गेला का, एवढंच विचारायचं असतं. तरी बऱ्याच जणांची लिस्ट रोज चुकते. कधी त्यात असे शेअर येतात ज्यांनी हाय केलेलाच नसतो, कधी ज्यांनी खरंच केलाय ते गायब असतात, आणि मग लोक फॉर्म्युला बदलत बसतात, १.५ पटऐवजी २ पट व्हॉल्यूम लावून बघतात, ५० दिवसांऐवजी २० दिवस घेतात. फॉर्म्युला बहुतेक वेळा ठीकच असतो हो, घोळ त्याच्या आधी डेटात झालेला असतो. म्हणून या लेखात जास्त जागा डेटाला दिलीय आणि फॉर्म्युला झटपट उरकलाय.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. तुलना करण्याआधी वर्षभराचे भाव एकाच मापावर हवेत, आणि व्हॉल्यूमही त्याच मापावर हवा. यातलं एक जरी राहिलं तरी पुढचे सगळे टप्पे वाया.

टप्पा १: "हाय" म्हणजे नक्की कोणता ते आधी ठरवा

याची तीन उत्तरं होतात आणि तीनही वापरात आहेत.

१. दिवसातला हाय मागच्या ५२ आठवड्यांच्या दिवसातल्या हायच्या वर गेला. ही सगळ्यात सैल व्याख्या. भाव क्षणभर वर जाऊन परत खाली आला तरी शेअर लिस्टमध्ये येतो.

२. आजचा क्लोज मागच्या ५२ आठवड्यांच्या सगळ्यात वरच्या क्लोजच्या वर गेला. ही मधली.

३. आजचा क्लोज मागच्या ५२ आठवड्यांच्या दिवसातल्या हायच्याही वर गेला. ही कडक.

मी तिसरी वापरतो, कारण वर्षभरात ज्याने कोणी अगदी टोकाला शेअर घेतला तोसुद्धा आज बाजार बंद होताना नफ्यात आहे असा तिचा अर्थ होतो. लिस्ट लहान येते पण बघण्यासारखी येते. तुम्ही पहिली किंवा दुसरी घेतलीत तरी काही बिघडत नाही, फक्त एक घ्या आणि तीच ठेवा. बऱ्याच जणांचं काय होतं, मागचा आकडा क्लोजचा घेतात आणि आजचा दिवसातला हाय घेतात, म्हणजे दोन व्याख्यांची खिचडी, आणि मग जी लिस्ट येते ती पहिलीपेक्षाही सैल असते.

इशारा: मागच्या ५२ आठवड्यांत आजचा दिवस धरायचा नाही. आज धरून मॅक्सिमम काढला आणि "त्यापेक्षा मोठा" अशी अट लावली तर लिस्ट कायम रिकामी येणार, कारण आजचा आकडा स्वतःपेक्षा मोठा कसा असेल? मग लोक "मोठा किंवा बरोबर" करतात. पहिल्या दोन व्याख्यांना ते चालून जातं खरं, पण जुन्या हायला नुसता टेकलेला शेअरही आत येतो. आणि कडक व्याख्येत तर क्लोज अगदी दिवसाच्या हायवरच झाला तरच शेअर दिसतो. तेव्हा आजचा दिवस वगळणं हाच सरळ मार्ग.

टप्पा २: कोणते शेअर स्कॅनमध्ये घ्यायचे

यावर जास्त वेळ घालवायची गरज नाही, पण तीन गोष्टी काढून टाका.

पहिली म्हणजे लिक्विड फंडाचे आणि मनी मार्केटचे ईटीएफ. ज्यांच्यात व्याज भावातच साठत जातं ते जवळजवळ रोज ५२ वीक हाय करतात, त्यात बातमी काहीच नसते. दुसरी, ज्यांची एक्सचेंजवर रोजची उलाढालच नाममात्र आहे असे शेअर. तिथे सरासरी व्हॉल्यूम इतका कमी असतो की एका माणसाच्या एका ऑर्डरने तो पाचपट दिसतो. मागच्या ५० दिवसांची उलाढाल, म्हणजे भाव गुणिले व्हॉल्यूम, काढून तिचा मध्यक घ्या आणि स्वतः जेवढी पोझिशन घेता त्याच्या किमान शंभरपट उलाढाल मागा. हा माझा ढोबळ नियम, तुम्ही कमीजास्त करा.

तिसरी, ज्यांचा डेटाच ५२ आठवड्यांचा नाही असे. नवीन लिस्ट झालेला शेअर तिसऱ्या महिन्यात वर गेला तर सॉफ्टवेअर त्याला खुशाल ५२ वीक हाय म्हणतं. त्यांची वेगळी लिस्ट ठेवा, मुख्य लिस्टमध्ये मिसळू नका.

चेक: जुना, ओळखीचा शेअर अचानक "नवीन लिस्टिंग" मध्ये दिसला तर त्याचा सिम्बॉल बदललाय का बघा. सिम्बॉल बदलला की बऱ्याच ठिकाणी इतिहास तुटतो. जुन्या सिम्बॉलचा डेटा नव्याला जोडा आणि मगच पुढे जा.

टप्पा ३: ॲडजस्टेड डेटा, इथे घाई करू नका

स्प्लिट झाला की भाव तुटतो पण कंपनीची किंमत तुटत नाही. एकाचे दहा शेअर झाले तर १००० चा भाव १०० होतो. ॲडजस्ट न केलेल्या डेटात वर्षभराचा हाय १००० च्या आसपासच राहतो आणि तो शेअर पुढचं वर्षभर कितीही चांगला चालला तरी तुमच्या लिस्टमध्ये येणार नाही. हा प्रकार कळत नाही कारण जे दिसतच नाही त्याची चूक कोण शोधणार.

उलटा प्रकार रिव्हर्स स्प्लिटचा. दहाचा एक शेअर झाला की २ चा भाव २० होतो आणि कच्च्या डेटात तो शेअर त्याच दिवशी दणदणीत ५२ वीक हाय करताना दिसतो. रिव्हर्स स्प्लिट बहुतेक वेळा भाव खूप पडलेल्या कंपन्या करतात, म्हणजे तुमच्या मजबूत शेअरच्या लिस्टमध्ये नेमका सगळ्यात कमजोर शेअर पहिल्या नंबरला येऊन बसतो.

ॲडजस्टमेंटचा हिशोब असा. स्प्लिटच्या आधीच्या सगळ्या भावांना फॅक्टरने गुणायचं आणि त्याच दिवसांच्या व्हॉल्यूमला त्याच फॅक्टरने भागायचं. एकाचे दहा असतील तर फॅक्टर ०.१, म्हणजे जुने भाव एक दशांश आणि जुना व्हॉल्यूम दहापट. बोनस शेअरचंही हेच, फक्त तिथे रेशो वाचताना गफलत होते. दोन शेअरमागे एक बोनस मिळाला तर दोनाचे तीन झाले, म्हणून फॅक्टर २/३ आहे, १/२ नाही. एकास एक बोनस असेल तेव्हा एकाचे दोन, तिथे १/२. नेहमी "आधी किती होते, नंतर किती झाले" असं मोजा, चुकणार नाही.

कच्चा डेटा आणि स्प्लिटची नोंद हातात असेल तर एवढंच पुरतं. `splits` मध्ये साध्या दिवशी १ आणि एक्स डेटला रेशो, म्हणजे एकाचे दहा झाले तर १०, दोनाचे तीन झाले तर १.५:

```python
f = (1 / splits).iloc[::-1].cumprod().iloc[::-1]
f = f.shift(-1).fillna(1)
adj = raw[["Open", "High", "Low", "Close"]].mul(f, axis=0)
adj["Volume"] = raw["Volume"] / f
```

`shift(-1)` विसरू नका. एक्स डेटच्या दिवशी भाव आधीच तुटून आलेला असतो, त्याला परत फॅक्टर लागला तर तो एकच दिवस चार्टवर खड्ड्यासारखा दिसतो.

*डिव्हिडंडचं काय?*

इथे लोक सगळ्यात जास्त अडकतात. अनेक डेटावाले दोन प्रकारचे ॲडजस्टेड भाव देतात, एक फक्त स्प्लिट आणि बोनस धरून, दुसरा डिव्हिडंडही धरून. दुसऱ्या प्रकारात डिव्हिडंड दिला की आधीचे सगळे भाव थोडे थोडे खाली सरकतात. समजा शेअरचा वर्षातला हाय १०० होता, मग वर्षभरात मिळून साधारण ४ डिव्हिडंड निघाला आणि आज भाव ९७ आहे. डिव्हिडंड धरून ॲडजस्ट केलं तर जुना हाय ९६ च्या आसपास येतो आणि ९७ हा नवा हाय ठरतो. पण बाजारात १०० ला घेतलेला माणूस आजही त्याच्या खरेदी भावाखाली आहे, आणि भाव १०० च्या जवळ गेला की "निघालो एकदाचा" म्हणून विकणारा तोच असतो.

हा स्कॅन त्याच विक्रेत्यांना पार केलं का हे बघण्यासाठी आहे, म्हणून माझं स्पष्ट मत, स्कॅनसाठी फक्त स्प्लिट-बोनस ॲडजस्टेड भाव घ्या. डिव्हिडंडसकटचे भाव परतावा मोजताना वापरा, तिथे ते बरोबर आहेत. अपवाद एकच, एकरकमी मोठा स्पेशल डिव्हिडंड किंवा डीमर्जर, जिथे एका दिवसात भावातून मोठा तुकडा निघून जातो. तिथे भावाला फॅक्टर लावा पण व्हॉल्यूमला लावू नका, कारण शेअरची संख्या बदललेली नसते. बरेच जण सवयीने दोन्हीला लावतात.

याहूचा डेटा पायथनच्या `yfinance` मधून घेत असाल तर ही ओळ अशीच लिहा:

```python
import yfinance as yf
df = yf.Ticker("NVDA").history(period="2y", auto_adjust=False)
```

`auto_adjust=False` असताना `Close` स्प्लिट ॲडजस्टेड असतो आणि डिव्हिडंड फक्त `Adj Close` मध्ये धरलेला असतो. `True` असेल तर ओपन, हाय, लो, क्लोज सगळ्यांत डिव्हिडंड घुसतो. नाव वाचून वाटतं की `False` केलं म्हणजे कच्चा डेटा मिळेल, तसं नाहीये. त्यामुळे वरचा फॅक्टरचा कोड यावर परत चालवू नका, स्प्लिट दोनदा लागेल. आणि `Adj Close` ची `High` शी तुलना तर अजिबात करू नका, एकात डिव्हिडंड आहे आणि दुसऱ्यात नाही.

*साठवून ठेवलेला डेटा शिळा होतो*

ॲडजस्टेड डेटा हा कायमचा नसतो. आज स्प्लिट झाला की मागची सगळी वर्षं बदलतात. तुम्ही काल डाऊनलोड केलेली फाईल ठेवली आणि आज फक्त आजची ओळ खाली चिकटवली तर वरची फाईल जुन्या मापावर आणि शेवटची ओळ नव्या मापावर, झाली ना परत तीच तुटफूट. आणि गंमत म्हणजे डेटा "ॲडजस्टेड" असं लेबल लावूनच आलेला असतो, त्यामुळे संशयही येत नाही.

दोनच रस्ते आहेत. एकतर कच्चे भाव आणि स्प्लिटची नोंद अशा दोन वेगळ्या फाईल ठेवा आणि रोज नव्याने ॲडजस्ट करा, हा उत्तम. नाहीतर रोज प्रत्येक शेअरचा पूर्ण इतिहास परत ओढा, हळू आहे पण चालतं.

चेक: रोज स्कॅनच्या आधी, ज्यांचा आजचा ओपन कालच्या क्लोजपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त वर किंवा खाली आहे असे शेअर छापून घ्या. त्या नावांची स्प्लिटची नोंद हाताने बघा. बहुतेक दिवशी एकदोन नावं येतील किंवा एकही येणार नाही. पंचवीस टक्क्यांच्या आतले छोटे बोनस यातून सुटतात, म्हणून एक्सचेंजवर येणारी त्या दिवसाची एक्स डेटची यादीही सोबत लावा.

टप्पा ४: भावाचा फिल्टर

आता हा भाग सोपा आहे. इथून पुढे `df` म्हणजे टप्पा ३ मधला ॲडजस्टेड डेटा.

```python
import pandas as pd
prev = df["High"].rolling("364D", closed="left").max()
old = df.index - df.index[0] >= pd.Timedelta("364D")
price_ok = old & (df["Close"] > prev * 1.0001)
```

`closed="left"` मुळे आजचा दिवस आपोआप बाहेर राहतो. ३६४ दिवस म्हणजे बरोबर ५२ आठवडे, कॅलेंडरचे. बरेच जण त्याऐवजी २५२ ओळी मोजतात, कारण वर्षात साधारण तेवढे ट्रेडिंगचे दिवस असतात. रोज चालू असणाऱ्या शेअरला फरक किरकोळ पडतो, पण एखाद्या शेअरचं ट्रेडिंग तीन महिने बंद होतं तर २५२ ओळी सव्वा वर्ष मागे जातात आणि तुमचा ५२ वीक हाय ६५ आठवड्यांचा होऊन बसतो. कॅलेंडर वापरा.

ते १.०००१ कशाला? फॅक्टरने गुणलं की १२५.५८६९९९ असे आकडे तयार होतात आणि हायला बरोबर टेकलेला शेअर कॉम्प्युटरला शेंडाभर वर वाटतो. तेवढी मोकळीक दिली की हे बंद होतं.

यात अजून एक खूण ठेवा, हाय ताजा आहे की चालूच आहे. तेजीत शेअर लागोपाठ आठदहा दिवस नवा हाय करतो आणि रोज तीच नावं बघून डोळे सरावतात. मागच्या २० ट्रेडिंग दिवसांत एकदाही `price_ok` नसेल तर "ताजा" म्हणा. मी लिस्ट बघताना आधी ताजे बघतो, बाकीचे वेळ उरला तर.

टप्पा ५: व्हॉल्यूमचं कन्फर्मेशन

व्हॉल्यूमची तुलना मागच्या ५० दिवसांशी करा, आज वगळून, आणि सरासरीऐवजी मध्यक घ्या.

```python
base = df["Volume"].shift(1).rolling(50).median()
ratio = df["Volume"] / base
pos = (df["Close"] - df["Low"]) / (df["High"] - df["Low"])
vol_ok = (ratio >= 1.5) & (pos >= 0.5)
```

मध्यक का? कारण तिमाही निकालाच्या एका दिवशी नेहमीच्या आठपट व्हॉल्यूम झाला तर सरासरी ५० दिवस फुगलेली राहते. ४९ दिवस १०० आणि एक दिवस ८०० धरा, सरासरी ११४ येते आणि मध्यक १०० च राहतो. आज १६० चा व्हॉल्यूम आला तर मध्यकाने १.६ पट, सरासरीने १.४ पट, म्हणजे चांगला दिवस नुसत्या मोजमापामुळे कापला गेला.

`pos` म्हणजे दिवसाच्या पट्ट्यात क्लोज कुठे झाला. ० म्हणजे अगदी तळाला, १ म्हणजे टोकाला. नुसता व्हॉल्यूम मोठा आहे यावरून खरेदीचा जोर होता असं म्हणता येत नाही, जेवढे घेतले तेवढेच विकले गेलेले असतात. पण मोठ्या व्हॉल्यूमवर क्लोज वरच्या अर्ध्यात झाला तर वर विकणाऱ्यांचा माल पचवला गेला असं धरायला जागा आहे. तोच व्हॉल्यूम आणि क्लोज तळाला, म्हणजे वर कोणीतरी माल ओतलाय. असा शेअर हायच्या वर बंद झाला असला तरी मी सोडून देतो.

१.५ हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. मोठ्या कंपन्यांत रोजचा व्हॉल्यूमच इतका असतो की १.३ सुद्धा बरंच सांगून जातो, छोट्यांत २ पटही सहज होतो. पण आकडा बदलायचा तर आधी लिहून ठेवा आणि महिनाभर तरी हात लावू नका. रोजची लिस्ट बघून रोज आकडा हलवला तर तो स्कॅन उरतच नाही.

इशारा, व्हॉल्यूम खोटा वाटेल असे दिवस: डेरिव्हेटिव्हची एक्सपायरी आणि इंडेक्सचं रिबॅलन्सिंग. इंडेक्स फंडांना त्या दिवशी भाव कुठलाही असो खरेदी-विक्री करावीच लागते, बरेचदा शेवटच्या काही मिनिटांत. एकाच मोठ्या सौद्यात हात बदललेला मालही तसाच. या तारखा कॅलेंडरमध्ये आधीच टाकून ठेवा आणि त्या दिवशीच्या लिस्टला खूण करा. अर्ध्या दिवसाच्या सत्रात उलट होतं, व्हॉल्यूम कमी म्हणून सगळं कापलं जातं.

आणि वरच्या सर्किटला दिवसभर अडकलेला शेअर असेल तर हाय आणि लो एकच असतात, `pos` निघतच नाही, व्हॉल्यूमही नसतो कारण विकायलाच कोणी तयार नसतं. अशांना नापास म्हणू नका, वेगळे काढून ठेवा.

टप्पा ६: एक खरी केस, आकड्यांसकट

एनव्हिडियाचा २०२४ चा स्प्लिट घ्या. एकाचे दहा, आणि १० जून २०२४ पासून शेअर नव्या भावाने सुरू झाला. त्याआधी ६ जूनला दिवसातला हाय १२५५.८७ डॉलर होता आणि सगळ्यात वरचा क्लोज ५ जूनचा १२२४.४० डॉलर. ॲडजस्ट केल्यावर हे आकडे १२५.५८७ आणि १२२.४४ होतात.

आता १२ जून बघा. दिवसातला हाय १२६.८८, क्लोज १२५.२०. टप्पा १ मधल्या तीन व्याख्या लावा. दिवसातला हाय १२५.५८७ च्या वर गेला, पास. क्लोज १२२.४४ च्या वर आहे, पास. पण क्लोज १२५.५८७ च्या खाली राहिला, कडक व्याख्येत नापास. म्हणजे एकच शेअर, एकच दिवस, आणि तीन जणांच्या लिस्टमध्ये वेगवेगळं उत्तर, कोणाचाच डेटा चुकीचा नाही. कडक व्याख्येत तो दुसऱ्या दिवशी आला, १३ जूनला १२९.६१ वर क्लोज झाला तेव्हा.

आता व्हॉल्यूम. १२ जूनला साधारण ३० कोटी शेअरचा झाला, १३ जूनला २६ कोटींच्या आसपास. त्याआधीच्या ५० दिवसांचा ॲडजस्टेड मध्यक ४० कोटींच्या थोडा वर येतो. म्हणजे रेशो ०.७ च्या आसपास आणि मग त्याहून कमी. भाव पास, व्हॉल्यूम नापास. नवा हाय आहे पण कन्फर्मेशन नाही.

हाच स्कॅन १३ जूनला कच्च्या डेटावर चालवला असता तर? जुना हाय १२५५.८७ तसाच, आजचा भाव १२९, म्हणजे भाव नापास, तोही पुढचं जवळपास वर्षभर, कारण ६ जूनचा तो आकडा ५२ आठवडे खिडकीतून बाहेर जात नाही. आणि व्हॉल्यूम? जुने दिवस न वाढवलेले, चारसाडेचार कोटींचे, त्यांच्यासमोर आजचे २६ कोटी, म्हणजे साधारण सहापट. भाव नापास, व्हॉल्यूम धडाक्यात पास. दोन्ही उत्तरं बरोबर उलटी आली. कोणी फक्त भाव ॲडजस्ट केला आणि व्हॉल्यूम विसरला, तर त्याच्याकडे दोन्ही अटी पास होतात आणि सहापट व्हॉल्यूमचा ब्रेकआऊट म्हणून हे नाव लिस्टमध्ये सगळ्यात वर येतं. माझ्या मते ही सगळ्यात धोकादायक चूक आहे, कारण ती लिस्ट अगदी बरोबर दिसते.

पुढे काय झालं तेही सांगतो. शेअर २० जूनला दिवसात १४०.७६ पर्यंत गेला आणि २४ जूनला ११८.११ वर क्लोज झाला, म्हणजे ब्रेकआऊटच्या खाली. मधला २१ जून हा तिमाही एक्सपायरीचा शुक्रवार होता, त्या दिवशी व्हॉल्यूम प्रचंड आला आणि शेअर खाली बंद झाला. एका केसवरून व्हॉल्यूम नसलेला प्रत्येक हाय फसतो असं काढू नका, आधी एवढा चाललाच की तो. पण स्कॅनने १३ जूनला काय सांगायला हवं होतं ते यातून स्पष्ट दिसतं.

तुमच्या सेटअपची परीक्षा याच केसवर घ्या. १ मे २०२३ पासून ३० जून २०२४ पर्यंतचा डेटा ओढा, स्कॅन चालवा. १३ जूनला `price_ok` खरं आणि `vol_ok` खोटं आलं पाहिजे. `ratio` ५ च्या वर दिसला तर व्हॉल्यूमचं ॲडजस्टमेंट राहिलंय, `price_ok` खोटं आलं तर भावाचं राहिलंय किंवा इतिहास कमी ओढलाय.

टप्पा ७: रोजचा क्रम

१. बाजार बंद झाल्यावर लगेच चालवू नका. अंतिम क्लोज आणि अंतिम व्हॉल्यूम यायला वेळ लागतो. चालू सत्रात ओढलेल्या डेटात शेवटची ओळ अर्धवट दिवसाची असते आणि ती पूर्ण दिवसांच्या मध्यकाशी लावली की व्हॉल्यूममध्ये सगळेच नापास होतात.

२. शेवटच्या ओळीची तारीख तपासा. काही शेअरची आजची ओळ आलेलीच नसते आणि स्कॅन गुपचूप कालच्या दिवसावर चालतो. आजची तारीख नसेल त्यांना बाजूला काढून नावं छापा.

३. स्प्लिट, बोनस, डीमर्जरची नोंद अपडेट करा, मग ॲडजस्ट करा. हा क्रम उलटला तर एक्स डेटचा पूर्ण दिवस चुकतो.

४. मोठ्या उडीचा चेक. इथे एखादं नाव अडकलं तर ते सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

५. भावाचा फिल्टर, मग व्हॉल्यूमचा. दोन्हींचे निकाल वेगळे लिहा, एकत्र करून फक्त पास झालेले ठेवू नका. भाव पास पण व्हॉल्यूम नापास असे शेअर पुढच्या दोनतीन दिवसांत मोठ्या व्हॉल्यूमवर परत वर सरकतात तेव्हा ते हाताशी लागतात.

६. ओळीत एवढं छापा: नाव, क्लोज, जुना हाय, जुन्या हायची तारीख, रेशो, `pos`, ताजा की चालू. जुन्या हायची तारीख कोणी ठेवत नाही आणि तीच सगळ्यात कामाची आहे. तारीख चार दिवसांपूर्वीची असेल तर चालू तेजीचाच भाग आहे, दहा महिन्यांपूर्वीची असेल तर इतका काळ तिथे अडकलेला माल आज सुटलाय. आणि ती तारीख एखाद्या स्प्लिटच्या आदल्या दिवशीची निघाली तर सरळ टप्पा ३ ला परत जा.

७. पहिली पाच नावं चार्टवर डोळ्यांनी बघा, पण तो चार्ट दुसऱ्या डेटावाल्याचा असू दे. त्याच डेटावरच्या चार्टमध्ये तीच चूक तशीच दिसेल. दोघांचा ५२ वीक हाय जुळला नाही तर आधी बघा की समोरचा डिव्हिडंड धरतोय का, बहुतेक वेळा फरक तिथेच निघतो.